घरात एकालाच चरबी कमी करायची आहे: कमी वाढायचं की पातेल्यातच तेल कमी घालायचं?

घरात चौघं असतील आणि वजन एकालाच उतरवायचं असेल, तर स्वयंपाक करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. त्याच्यासाठी वेगळं शिजवायचं. सगळ्यांचंच जेवण त्याला अर्धं वाढायचं. किंवा पातेल्यात तेल कमी ठेवून बाकीच्यांना वरून द्यायचं.

पहिल्या वाटेवर फार वेळ घालवत नाही. दुधी उकडून, ओट्स शिजवून वेगळं ताट लावलं तर आकडे छान दिसतात, पण रोज संध्याकाळी दोन स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुतेक घरात एकच असते आणि ती दमते. शिवाय ज्याच्या समोर वेगळी वाटी येते, तो शेजारच्या पातेल्यातून चवीपुरतं घेतच राहतो. आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी खरी निवड उरलेल्या दोन वाटांमध्येच आहे.

नाशिकच्या थंडीतलं एक साधं रात्रीचं जेवण घेऊ: बाजरीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, थोडा भात, शेंगदाण्याची चटणी. सिडकोतलं घर, वडील अंबडच्या कारखान्यातून येतात, त्यांना पोट उतरवायचं आहे. आई, दहावीतला मुलगा आणि सत्तरीची आजी यांना नाही. उसळीला कोरडी मटकी 200 ग्रॅम, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, टोमॅटो आणि अंदाजाने ओतलेलं तेल. हे अंदाजाचं तेल मोजून पाहिलं तर सहज पाच मोठे चमचे निघतं. एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या तेलाच्या 600. मटकी, कांदा, खोबरं वगैरे मिळून आणखी 950 धरू. चौघांत वाटली तर माणशी उसळ 385 कॅलरींची झाली.

वडिलांचं नेहमीचं ताट असं: दोन भाकरी (प्रत्येकी 70 ग्रॅम पीठ) 500, उसळ 385, भात 195, भाकरीवरचं तूप 40, चटणी 60. बेरीज 1180.

आता अर्धं वाढण्याची वाट. सगळंच अर्धं केलं की 590. हिशेब चोख आहे आणि स्वयंपाकात काहीच बदलावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण उसळही अर्धी झाली. या ताटात जेमतेम 16 ग्रॅम प्रथिनं उरतात, भाजीचा चोथाही निम्मा होतो, आणि तेलाचं प्रमाण मात्र घासागणिक पूर्वीइतकंच राहतं. एकदा शिजताना रश्शात उतरलेलं तेल वाढताना बाजूला काढता येत नाही. कमी वाढलं की तेलाबरोबर मटकीही कमी होते, आणि पोट भरायला तीच तर हवी असते. असं ताट चालत नाही हे लगेच कळतं: साडेनऊला जेवलेला माणूस अकराला चिवड्याचा डबा उघडतो, आणि दोन मुठीत वाचवलेल्यातलं बरंच परत येतं.

तिसरी वाट मिसळवाल्यांकडून घेता येते. नाशिकच्या मिसळीत तर्री वेगळी मागून घेण्याची सवय आपल्याला आहेच. घरातही तसंच करायचं. कांदा अख्खा गॅसच्या आचेवर काळा होईपर्यंत भाजायचा, खोबरं तव्यावर कोरडं भाजायचं आणि लसूण-आल्याबरोबर वाटायचं. आपल्या काळ्या रश्शाची चव मुळात या भाजण्यातून येते, म्हणून वाटण परतायला दीड मोठा चमचा तेल पुरतं. ते तळाला लागू लागलं तर तेल न घालता पाण्याचा हबका मारावा. मग मटकी, मीठ, मसाला, पाणी. दुसरीकडे छोट्या कढल्यात अडीच मोठे चमचे तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, थोडं निवू द्यायचं आणि मगच लाल तिखट घालायचं. कडकडीत तेलात तिखट जळतं आणि कडवट लागतं. तिखटाचा रंग आणि झणका तेलातच उतरतो, त्यामुळे ही तर्री वरून घेतली तरी उसळीला झाकते.

पातेल्यातल्या तेलाचे वाट्याला 45 कॅलरी आले. तर्री तिघांत वाटली तर प्रत्येकी 100. म्हणजे आई, मुलगा आणि आजी यांच्या ताटात तेल जवळजवळ पूर्वीएवढंच राहिलं, आणि वडिलांची पूर्ण वाटीभर उसळ 280 वर आली. तिच्याबरोबर एक भाकरी 250, आणि चटणीऐवजी 100 ग्रॅम दही घातलेली काकडीची कोशिंबीर 75. भात आणि तूप नाही. बेरीज 605, प्रथिनं 22 ग्रॅमच्या आसपास. कॅलरी अर्ध्या ताटाएवढ्याच, पण ताट भरलेलं. माझा कौल म्हणूनच या वाटेला आहे.

रोज हे 575 कॅलरींचं अंतर पडलं आणि बाकीचं खाणं तसंच राहिलं, तर कागदावर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतार बसतो. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात पाण्यामुळे जास्त दिसतो, पुढे मंदावतो. एका दिवसाचा काटा पाहू नये, आठवड्याची सरासरी पाहावी आणि कमरेला फीत लावावी. तीन आठवडे दोन्ही हलले नाहीत तर आधी तेलाची किटली तपासावी: चमचा वापरला जातोय की पुन्हा धार सुरू झाली? त्यानंतर भाकरीचा गोळा. थापणारा हात सैल असला की 70 ग्रॅमची भाकरी नकळत 100 ग्रॅमची होते. वडिलांच्या वाट्याचा गोळा काही दिवस वजन करून घ्यावा, मग हाताला अंदाज बसतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. कमी तेलाचं पातेलं हे सगळ्यांच्या डाएटचं निमित्त होऊ देऊ नका. वाढत्या मुलाला तूप, भात, दुसरी भाकरी हवी. आजींची भूक आधीच कमी असते; त्यांच्या मऊ भातावर तूप आणि वर दही असू द्या. तर्रीचं तिखट त्यांना सोसत नसेल तर तेच तेल जिऱ्या-लसणाच्या फोडणीने द्यावं.

ही वाट सगळ्या पदार्थांना लागू नाही. वरण, उसळ, पिठलं, पातळ पालेभाजी, चिकनचा रस्सा यांत फोडणी किंवा तर्री वरून देता येते. भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, पुरी, शेवभाजी यांत तेल आणि कूट पदार्थाच्या अंगातच असतं. त्या दिवशी अर्धं वाढण्याचीच वाट बरी, फक्त ताटातली रिकामी जागा कोशिंबिरीने आणि ताकाने भरावी. साबुदाण्याच्या दिवशी प्रथिनंही कमी पडतात, तेव्हा उपास नसलेल्या माणसाने बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मूग घ्यावेत.

वडिलांना मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र एक भाकरी आणि भात एकदम काढू नये. औषध तेवढंच राहिलं तर रात्री साखर खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवावी, मग ताट बदलावं.