इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन गेल? सीपीसीटीला बसणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये बाबू-क्लार्कच्या सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी या संगणक आणि टायपिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र मागतात. त्यात संगणकाचे ७५ प्रश्न, मग पंधरा-पंधरा मिनिटं इंग्रजी आणि हिंदी टायपिंग. चुका वजा करून इंग्रजीत मिनिटाला ३० आणि हिंदीत २० शब्द पडावे लागतात. हिंदीसाठी कीबोर्ड दोनच, इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल. मोबाईलवर रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायची सवय इथे कामाला येत नाही.

माझ्या भाचीला आणि तिच्या वडिलांना मी वेगवेगळा सल्ला दिला. भाचीने टायपिंग कधीच केलेलं नव्हतं, म्हणून तिला इन्स्क्रिप्ट. मधल्या ओळीत डाव्या हाताखाली मात्रा येतात आणि उजव्या हाताखाली प, र, क, त, च. जसं बोलतो तसंच टाइप करायचं: "कि" म्हणजे आधी क, मग वेलांटी. विंडोजमध्ये हा कीबोर्ड आधीच असतो आणि त्याच बोटांनी मराठीही लिहिता येते. आपला ळ शिफ्ट दाबून ल च्याच कळीवर मिळतो.

भावोजींनी मात्र एका दुकानात अनेक वर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये बिलं आणि अर्ज टाइप केले आहेत. त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली, तर त्यांना रेमिंग्टन गेल. तिथे वेलांटी आधी येते, अक्षर नंतर. रफारही अक्षरानंतर मारायचा. तेच दोन शब्द दोन्हीकडे या इंग्रजी कळांनी पडतात, आधी इन्स्क्रिप्ट, मग रेमिंग्टन:

```
कि     kf      fd
कर्म    kjdc    deZ
```

म्हणूनच क्लासमध्ये एक आणि घरी दुसरा असं करू नका. भाचीने आठवडाभर तसं केलं, तर वेलांट्या सगळ्या चुकल्या. वेलांटीला अक्षर न मिळता ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसू लागलं की समजावं, बोटं दुसऱ्या मांडणीत गेली. कृतिदेव येणाऱ्याला इन्स्क्रिप्टकडे वळायला मी सांगणार नाही. जुनं विसरण्यातच महिने जातात. पण नव्याने शिकणाऱ्याने, क्लासवाले रेमिंग्टनच शिकवतात एवढ्यासाठी ते घेऊ नये.

इंग्रजी टायपिंगला कीबोर्ड निवडायचा प्रश्नच नाही, फक्त सरावाला वेळ राखून ठेवा. पाच कळा म्हणजे एक शब्द असं धरलं, तर पंधरा मिनिटांत २२५० कळा अचूक पडायला हव्यात. संगणकाच्या प्रश्नांतलं स्प्रेडशीट मात्र पाठ करून येत नाही, स्वतः शीट उघडून बघा. B2 ते B6 हे पाच खण घ्या: ४०, ५०, रिकामा, ६०, ५०.

```
=AVERAGE(B2:B6)
```

उत्तर ५० येतं, कारण रिकामा खण मोजला जात नाही. तिथे शून्य लिहा, तेच उत्तर ४० होतं.