वडाखाली उभी राहणारी गाडी: शीट आणि चीक काढण्याचा काही महिन्यांचा अनुभव

माझी गाडी गडद निळी आहे आणि दिवसभर ती गंगापूर रोडला वडाखाली उभी असते. सावली छान मिळते, पण साळुंक्या आणि कावळे वर बसून वडाची फळं खातात आणि त्यांचा हिशोब बॉनेटवर होतो. गेले काही महिने मी हे डाग काढायला पाण्याची स्प्रे बाटली, जाड मायक्रोफायबर कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेट्रोलियमवर आधारलेला टार रिमूव्हर एवढंच वापरतोय. गाडीवर नवीन चरे पडलेले नाहीत. काय कुठे चाललं आणि काय चाललं नाही, ते लिहितो.

आधी शीट. चरे पडतात ते घासल्यामुळे. वाळलेल्या शिटेत वडाच्या बारीक, टणक बिया आणि माती असते. सकाळी गाड्या पुसणारे दादा कोरडं फडकं फिरवतात तेव्हा हेच कण रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, रगडले जातात. मी त्यांना सांगून ठेवलंय, "दादा, शीट दिसली तर हात लावू नका, नुसतं पाणी मारा." ते आता तसंच करतात.

माझी पद्धत अशी: गाडी सावलीत घ्यायची, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. डागावर पाणी मारायचं आणि ओलं, चिंब कापड त्यावर ठेवून द्यायचं. ताजा डाग पाच मिनिटांत सुटतो, दोन दिवसांच्या डागाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मध्ये कापड पुन्हा भिजवावं लागतं. मग दाब न देता कापड कडेने आत घेत उचलायचं. ते उलटं करून पाहिलं की पांढऱ्या लगद्यात खसखशीएवढ्या पिवळसर बिया चिकटलेल्या दिसतात. डाग राहिलाच तर कापडाची घडी बदलून पुन्हा भिजवायचं. त्याच घडीने दुसरा हात मारायचा नाही.

उन्हाळ्यात थांबून चालत नाही. शिटेतलं आम्ल क्लिअर कोटला खातं. शिवाय तापलेला कोट मऊ होऊन फुगतो आणि संध्याकाळी गार होताना वाळलेल्या शिटेभोवती आकसतो, म्हणून कड उमटते. एप्रिलमधला माझा एक डाग सुट्टीमुळे दोन दिवस तसाच राहिला. स्वच्छ धुतल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला तर फिकट वलय दिसत होतं, बोट फिरवलं तर वर काहीच लागत नव्हतं. म्हणजे घाण गेली होती आणि कोट खाल्ला गेला होता. असं वलय धुऊन जात नाही, त्याला पॉलिशच लागतं, आणि पॉलिश कोटचा थर थोडा कमी करतं. मी ते तसंच ठेवलंय.

चिकटपणाच्या बाबतीत मात्र कुठलं झाड ते ओळखणं महत्त्वाचं. आंब्याखाली मोहराच्या दिवसांत गाडीवर बारीक चिकट थेंब पडतात. ते बहुतेक वेळा तुडतुड्यांनी टाकलेले असतात, चीक नसतोच. ते साखरेचे असतात, कोमट पाण्याने आणि कार शाम्पूने निघतात. कडुनिंब आणि बाभळीचा डिंकही पाण्यातच विरघळतो, फक्त वाळला असेल तर ओलं कापड जास्त वेळ ठेवावं लागतं. यासाठी अल्कोहोल खर्च करायची गरज नाही.

वडाचा चीक वेगळा. फांदी तुटली की दुधासारखा थेंब पडतो, वाळून तपकिरी आणि रबरासारखा होतो. छतावरच्या अशा एका थेंबावर पाणी चाललं नाही, अल्कोहोलने कडा थोड्या सैल झाल्या आणि मधला भाग तसाच राहिला. टार रिमूव्हर कापडावर घेऊन मिनिटभर नुसतं टेकवून ठेवलं तेव्हा तो गोळा होऊन निघाला. हे द्रव आधी दाराच्या आतल्या कडेला वापरून पाहावं, रबरी बीडिंगपासून लांब ठेवावं, नुकताच रंग दिलेल्या पॅनेलवर अजिबात लावू नये, आणि आगीजवळ तर नाहीच. काम झालं की ती जागा शाम्पूने धुवायची आणि मेण पुन्हा लावायचं, कारण अल्कोहोल आणि टार रिमूव्हर दोन्ही मेण काढून टाकतात.

समोरच्या काचेवर मी जास्त धीट आहे, कारण काच रंगापेक्षा पुष्कळ कठीण असते. घट्ट चीक नव्या ब्लेडने काढतो: काच शाम्पूच्या पाण्याने ओली, ब्लेड जवळपास आडवं, एकाच दिशेने. ब्लेडला खाच पडली की फेकायचं. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, जिथे डिफॉगरच्या तारा किंवा फिल्म असते, तिथे ब्लेड नेत नाही. आणि शीट पडली की वायपर लगेच चालवत नाही. रबरात अडकलेला मातीचा एखादा टणक कण प्रत्येक फेरीत काच ओरबाडू शकतो, म्हणून पात्याची कडही ओल्या कापडाने पुसून घेतो.