आजीची मुलाखत कागदावर: ‘ती म्हणाली’ की ‘मी’?

रेकॉर्डिंग झालंय, आवाज स्वच्छ आलाय, ऐकून ऐकून सगळं टाइपही केलंय. आता त्याची गोष्ट कशी करायची, इथे बहुतेक जण अडतात. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द सहज होतात आणि ते जसेच्या तसे घरातलं कुणी वाचत नाही. मग रस्ते उरतात तीन. प्रश्नोत्तरं ठेवायची, आपण निवेदक होऊन ‘आजी’ची हकिकत सांगायची, किंवा आपले प्रश्न काढून टाकून सगळं तिच्याच तोंडी, ‘मी’ म्हणून ठेवायचं.

प्रश्नोत्तरांचा रस्ता पटकन बाजूला ठेवतो. मुळाबरहुकूम राहायला तो सगळ्यात चांगला. आजोबा मोजकंच बोलणारे असतील तर त्यांचं ‘हां’ आणि ‘काय करणार’ प्रश्नाशेजारीच शोभतं. पण बोलक्या माणसाच्या बाबतीत आपलेच प्रश्न पानभर मिरवत राहतात.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. माझी आजी माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तो भाग मी दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिला. मूळ बोलणं असं होतं:

“मी: मग खडी फोडायला तूपण जायचीस?
आजी: व्हय की. जायची म्हंजी… न जाऊन काय. समदीच जायची. दीर व्हतं, जाऊ व्हती, आन् मी. बारकी पाठीवर… न्हाय, पाठीवर न्हाय, बारकी तवा चालत व्हती. तुझा बा पोटात. मंग मुकादम यायचा माप घ्याय.”

निवेदकाच्या पद्धतीने त्याचं असं झालं:

“१९७२च्या दुष्काळात घरातले सगळेच खडी फोडायला जात. तेव्हा आत्या नुकतीच चालायला लागली होती आणि बाबा आजीच्या पोटात होते. ‘न जाऊन काय,’ आजी म्हणते, ‘समदीच जायची.’”

वाचायला सुबक आहे. साल कळतं, कोण कुणाचं कोण ते कळतं. या पद्धतीत पार्श्वभूमी हवी तेवढी घालता येते, हा तिचा मोठा फायदा. माझ्या मावसभावाने त्याच्या आजोबांची गिरणीतली वर्षं अशीच लिहिली आणि तिथे ती बरोबर बसली. जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप, संपात घरात पडलेले दोन तट, आजोबा एक सांगतात आणि त्यांचे धाकटे भाऊ भलतंच. अशा वेळी मधे कुणीतरी उभा लागतोच.

मला मात्र या पद्धतीत एक गोष्ट सतत खुपत राहिली: अवतरणचिन्हं. माझं निवेदन प्रमाण मराठीत, आणि मधेच टाचणी लावल्यासारखं आजीचं ‘समदीच जायची’. टेपवर ती अजिबात विनोदी वाटत नाही. पानावर मात्र प्रत्येक अवतरणाला चुलत भावंडं हसत होती. माझ्या ‘जात असत’ आणि ‘झाली होती’च्या शेजारी तिचं कुठलंही वाक्य आलं की ते अडाणी दिसायचं. अवतरणं वाढवली तर हसू वाढायचं, कमी केली तर आजीच गायब व्हायची. दुसरं म्हणजे ‘तुझा बा पोटात’. निवेदनात त्याचं ‘बाबा आजीच्या पोटात होते’ होतं आणि वाक्यातला जीवच जातो. ते वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलेलं आहे.

प्रश्न काढून तिच्याच तोंडी ठेवल्यावर:

“खडी फोडाय समदीच जायची. न जाऊन काय. दीर व्हतं, जाऊ व्हती, आन् मी. बारकी तवा चालत व्हती, तुझा बा पोटात. मंग मुकादम यायचा माप घ्याय.”

माझा प्रश्न गेला, पण ‘खडी फोडाय’ एवढा तुकडा वाक्यात यायला हवा होता. तो तिनेच टेपवर पुढे एकदा वापरला होता, तिथून उचलला. ‘पाठीवर… न्हाय’ ही अडखळ काढली. तिच्या सगळ्याच अडखळी मात्र काढत नाही. मुलीचं नाव घेताना ती थांबते, ते थांबणं तसंच ठेवलंय. ‘तुझा बा’ ठेवल्यामुळे ऐकणारा कोण होता हेही आपोआप कळतं.

इथे हात फार सैल सोडून चालत नाही. वाक्यं हलवायची, गाळायची, पण आपलं वाक्य तिच्या तोंडी घालायचं नाही, एवढा नियम मी पाळला. दुष्काळाची गोष्ट तिने दोनदा सांगितली, एकदा ओघात आणि एकदा जेवणाचा विषय निघाला तेव्हा. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी दुसऱ्या वेळी आली. ती पहिल्या भागाला जोडली, पण जोडायला ‘त्यामुळे’ वगैरे घातलं नाही, नुसता नवा परिच्छेद केला. तपासायची सोपी रीत म्हणजे तिलाच वाचून दाखवणं. आपला शब्द आला की ती थांबवते. “ह्ये म्या न्हाय म्हणलं,” असं ऐकायची तयारी ठेवा.

बोलीचं लेखन हा दुसरा खाचखळगा. मी व्याकरण आणि शब्द तिचे ठेवले: ‘गेलते’, ‘फोडाय’, ‘समदी’, ‘तवा’. नुसते उच्चार सोडून दिले, म्हणजे ‘पानी’ न लिहिता ‘पाणी’च लिहिलं. बोलताना आपण सगळेच लिहितो तसं उच्चारत नाही, मग तिचेच उच्चार तेवढे का टिपायचे? शिवाय नातवंडांना दर ओळीत अडखळायला होतं. ‘व्हतं’ मात्र काढवेना. ते काढलं की आजी ओळखू येत नाही.

तोटा आहेच. ‘मी’च्या पद्धतीत चूक दुरुस्त करता येत नाही. आजी त्या कामाला सरसकट ‘रोजगार हमी’ म्हणते. तो कायदा १९७७चा, १९७२ची कामं दुष्काळी मदतीची होती. तिचा शब्द बदलायचा नाही. प्रत्येक प्रकरणाआधी मी माझ्या भाषेत चार-पाच ओळी लिहिल्या: कुठलं साल, कुठलं गाव, कोण कोणाची जाऊ. दुरुस्ती तिथे केली. म्हणजे निवेदकाची पद्धत अगदीच टाकली असं नाही, फक्त तिला दाराबाहेर बसवलं.

तुमचं माणूस आता वाचून दाखवण्यापलीकडे गेलं असेल, किंवा टेप अर्ध्या तासाचीच आणि तुटक असेल, तर निवेदकाचीच पद्धत घ्या असं मला वाटतं. विचारून खात्री करता येत नसताना ‘मी’ म्हणून लिहायला हात धजत नाही. एकट्या, बोलक्या, समोर बसलेल्या आजीसाठी मात्र माझं मत तिच्याच तोंडी ठेवण्याकडे झुकतं.

ठरत नसेल तर टेपमधली दहा मिनिटं घेऊन दोन्ही पद्धतींनी लिहा आणि घरातल्या अशा कुणाला तरी वाचायला द्या ज्याने टेप ऐकलेली नाही. कुठली पद्धत घेतली तरी प्रत्येक परिच्छेदाच्या समासात टेपवरची वेळ टाका, ‘३४:१०’ अशी, आणि मुळाबरहुकूम टाइप केलेला मजकूर वेगळ्या फाइलीत राहू द्या. गोष्ट वाचून एखाद्या पुतणीला मुकादमाबद्दल तिने नेमकं काय म्हटलं ते ऐकायचं असेल, तर तासाची टेप धुंडाळावी लागणार नाही.