सातबाऱ्यावर रेघ मारलेली तीन नावं, आणि माझे साडेबावीस लाख

आधी आकडा सांगतो. 32 गुंठे, गुंठ्याला 65,000 रुपये, म्हणजे 20,80,000. मुद्रांक शुल्क 1,04,000. नोंदणी फी 20,800. एजंटाची दोन टक्के दलाली 41,600. वकिलाच्या शोध अहवालाचे 4,500. एकूण 22,50,900 रुपये. त्यातला प्रत्येक रुपया पगारातून बाजूला काढलेला किंवा बायकोचे दागिने ठेवून उभा केलेला आहे. आज त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही.

मी अडाणी नाही. घरची शेती आहे, वडिलांच्या काळापासून सातबारा हातात घेतोय. गुंठेवारी, बनावट कुलमुखत्यारपत्र, एकच प्लॉट तिघांना विकणं, हे सगळं तुमच्यासारखंच ऐकून होतो आणि त्या सगळ्याची चौकशी केली होती. गट पूर्ण 0.32 हेक्टर आरचा होता, त्यामुळे तुकड्याची भानगड नव्हती. भोगवटादार वर्ग 1 होता, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नव्हती. विकणारे दोघे सख्खे भाऊ, दोघांची नावं कब्जेदार सदरी, आधारकार्डाशी जुळणारी. खाली 'प्रलंबित फेरफार : नाही' असं छापलेलं. कुणालाही स्वच्छ वाटला असता असा उतारा होता तो.

पण त्या दोन नावांच्या खाली आणखी तीन नावं होती. तिन्ही बायकांची. तिन्हींवर आडवी रेघ, आणि पुढे कंसात 1309 हा आकडा.

मी विचारलं होतं. हे मला सगळ्यात जास्त जाळतं. पाहिलंच नाही असं नाही, बोट ठेवून विचारलं की या कोण? एजंट म्हणाला, "दादा, बहिणी आहेत त्यांच्या. हक्क सोडलाय. रेघ मारली म्हणजे नाव कमी झालं, फेरफार मंजूर आहे." थोरला भाऊ शेजारीच बसला होता, त्याने मान हलवली. मी पुढच्या रकान्याकडे गेलो. जेमतेम दहा सेकंद लागली असतील त्याला. आजही रात्री जाग आली की तो कागद डोळ्यासमोर येतो, ते बोट येतं, आणि ते बोट मी तिथून का उचललं हे मला कळत नाही.

एजंट खोटं बोलला नव्हता, हेही समजून घ्या. रेघ म्हणजे नाव कमी झालं, हे खरंच आहे. पण ते कोणत्या कागदावरून कमी झालं, हे सातबारा सांगत नाही. तो फक्त फेरफाराचा नंबर देतो. कारण लिहिलेलं असतं गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. नंबर ही फक्त खूण आहे, मजकूर तिकडे आहे. मी खूण वाचली आणि मजकूर वाचल्यासारखा गप्प बसलो.

तो मजकूर मी पाहिला खरेदीनंतर दोन महिन्यांनी. दोन फेरफार होते. 1214 हा 2017 चा, वारसाचा. वडील मयत, आई आधीच गेलेली, वारस दोन मुलगे आणि तीन मुली, पाचही नावं लागली. इथवर सगळं बरोबर. मग 1309, सन 2019. त्यात लिहिलंय की तिन्ही बहिणींनी 'अर्ज व जबाबावरून' भावांच्या लाभात हक्क सोडला, सबब नावे कमी केली. बस. दस्त क्रमांक नाही, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव नाही, तारीख नाही.

सगळी फसवणूक त्या दोन शब्दांत आहे. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तसं असतं तर फेरफारात 'नोंदणीकृत हक्कसोडपत्र दस्त क्र. अमुक, दिनांक अमुक' असं आलं असतं. अर्जावर आणि जबाबावर बहिणीचा हक्क जात नाही. नोंद मंजूर झाली तरी जात नाही, कारण फेरफार महसुलाच्या वहीतली नोंद आहे, तिच्याने मालकी येतही नाही आणि जातही नाही. तुमच्या उताऱ्यावर असं रेघ मारलेलं एखादं बाईमाणसाचं नाव असेल तर त्या नंबरचा फेरफार आजच्या आज काढा. इसार द्यायच्या आधी. नंतर काढून काय उपयोग, माझ्याकडे आहे ना काढलेला.

बहिणींचं म्हणणं आहे की वारसनोंदीच्या कामाला म्हणून सह्या घेतल्या. एकीचं तर म्हणणं आहे की सही तिची नाहीच. खरं काय ते कोर्ट बघेल. पण हिशोब ऐका. पाच वारस, प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. दोघा भावांचे मिळून 32 पैकी 12.8 गुंठे. मी पैसे मोजले 32 चे. उरलेले 19.2 गुंठे त्यांनी विकले तेव्हा त्यांचे नव्हतेच. म्हणजे 12,48,000 रुपये मी त्यांना दुसऱ्याच्या जमिनीसाठी दिले. आणि जे 12.8 आहेत तेही वाटप होईपर्यंत नेमके कोणत्या बाजूचे, हे कुणीच सांगू शकत नाही. कुंपण घालायला गेलो तर धाकट्या बहिणीचा मुलगा आडवा आला. त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वकील काय करत होता. केला होता ना वकील. पण तो एजंटाने सुचवलेला. त्याचा अहवाल एक पानाचा होता, 'उपलब्ध उताऱ्यांवरून मिळकत निर्वेध दिसते'. उताऱ्यांवरून तर मलाही दिसत होती! खरा शोध म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, मागची तीस वर्षं बघणं. त्या सूचीत 2019 च्या आसपास हक्कसोडपत्र सापडलं नसतं, आणि ते न सापडणं हेच उत्तर होतं. वकील आपला आणा. एजंटाने आणलेला वकील एजंटाचा असतो.

दुसरा घाव बोजाचा. मला दिलेला सातबारा 19 मार्चचा होता. खरेदीखत झालं 11 जून 2024 ला. मधल्या काळात भावांनी गावच्या विकास सोसायटीचं 2,85,000 रुपयांचं कर्ज उचललं आणि बोजाचा फेरफार मे महिन्यात नोंदला गेला. इतर अधिकार रकाना मार्चच्या कागदावर कोरा होता, जूनमध्ये तो कोरा नव्हता. डिजिटल सहीचा ताजा उतारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत निघतो. साडेबावीस लाखांच्या व्यवहारात त्या दिवशी सकाळी 15 रुपये खर्च करायला मला कुणी सांगितलं नाही, आणि माझंही डोकं चाललं नाही. खरेदीखतात मात्र 'मिळकत सर्व बोजांपासून मुक्त आहे' असं ठसठशीत लिहून दोघांनी अंगठे आणि फोटो दिलेत. माझ्याकडे आज त्यांच्याविरुद्ध काही असेल तर ते कलम आहे. तुमच्या खतात ते आणि नुकसानभरपाईचं कलम आहे का, बघून घ्या.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला मी म्हटलं होतं. एजंट म्हणाला, "कशाला गावभर बोंबाबोंब, दुसरं गिऱ्हाईक लागेल, भाव वाढेल." बोंबाबोंब झाली असती तर बहिणी पुढे आल्या असत्या, हेच त्याला नको होतं. नोटीस नको म्हणणाऱ्या माणसाबरोबर व्यवहार करू नका.

आता कार्यालयांचं. माझ्या खरेदीची नोंद धरली, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, आणि पंधरा दिवसांच्या आत थोरल्या बहिणीची हरकत आली. नोंद तक्रारी झाली, म्हणजे वादात अडकली. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, म्हणाले, आता माझ्या हातात नाही. मी विचारलं, 1309 घातला तेव्हा कुणाच्या हातात होतं? तेव्हाचे साहेब बदलून गेले म्हणे. ज्या मंडल अधिकाऱ्याने अर्ज-जबाबावर तीन वारसांची नावं उडवणारी नोंद प्रमाणित केली, त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. चूक त्या वहीत झाली, सही सरकारी माणसाची, आणि भरतोय मी.

दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. कायद्याने बरोबर असेल. पण 1,04,000 मुद्रांक आणि 20,800 फी घेताना हे कुणी बोललं नाही. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात, दुसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, तिसऱ्यांदा उत्तर, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." विकणाऱ्याने बहिणींचा हिस्सा माहीत असून विकला, कर्ज उचलून बोजामुक्त म्हणून सही केली, तरी दिवाणी! तहसीलला चार तारखा झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा बैठकीला, एकदा भाऊच गैरहजर, एकदा पुढची तारीख. प्रत्येक तारखेला माझी एक रजा आणि वकिलाचे 2,000 जातात. तेही धरा, 8,000.

एजंटाचा फोन लागतो. उचलत नाही. भावांनी पैसे कशात घातले ते सगळ्या गावाला दिसतंय, नवा ट्रॅक्टर दारात उभा आहे.

बहिणींवर माझा राग नाही. चौथ्या तारखेला थोरली तहसीलच्या आवारात झाडाखाली बसली होती. मी जाऊन बोललो. ती म्हणाली, "भाऊ, माझं सासर त्या जमिनीपासून चार कोसावर. विसार द्यायच्या आधी एकदा आला असता तर चहा पाजून सांगितलं असतं." मी काय बोलणार. तिचं नाव माझ्या कागदावर होतं. रेघेखालून स्पष्ट वाचता येत होतं.

म्हणून सांगतो, रेघ मारलेल्या नावाचं माणूस जिवंत असेल तर त्याच्या घरी जा. तोंडाने हो म्हणाल्या तरी खरेदीखतात त्यांना संमती देणार म्हणून घ्या, दुय्यम निबंधकासमोर सह्या आणि अंगठे होऊ द्या. भाऊ टाळाटाळ करत असतील तर इसार परत मागा. गेला तर जाऊ द्या. माझा इसार 2,00,000 होता, आणि तेवढ्यावर सुटलो असतो.

बहिणींनी वाटपाचा दावा लावलाय. त्यात मी प्रतिवादी क्रमांक 3 आहे, ज्यांनी मला फसवलं त्या दोघांच्या खाली, त्यांच्याच बाजूला.