ओळी छाटायच्या की सीनच उडवायचा?

11 मिनिटांचा अ‍ॅनिमेशन एपिसोड, स्टॉपवॉच लावून स्क्रिप्ट वाचली तर 14 मिनिटं. आधी प्रत्येक सीनमधल्या दोन-तीन ओळी छाटल्या, वाचले जेमतेम 40 सेकंद, आणि वर भावानेच होडीचा दोर सोडला हे मीनाला कळतं तिथला पॉजच गेला, म्हणजे वळण कागदावर आहे पण जाणवतच नाही. मग दुसरा मार्ग, बाजार आणि जेट्टी दोन्ही सीन एकच माहिती देत होते म्हणून बाजार अख्खा काढला, दोन मिनिटं वाचली, शिवाय एक बॅकग्राउंड कमी (प्रोड्युसर खूश!). फक्त दोराची गाठ पहिल्यांदा बाजारातच दिसायची, ती जेट्टीवर हलवावी लागली, नाहीतर शेवट कळलाच नसता. मी आधी सीनच उडवतो, ओळी नंतर छाटतो, स्टोरीबोर्डच्या जरा आधी.