काल्पनिक लोकांचे सण आणि म्हणी: देवापासून सुरुवात करायची की कामापासून?

कादंबरी असो नाहीतर गेमसाठीचं जग, काल्पनिक संस्कृती रचताना सण-चालीरीतींपाशी आलं की दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे आधी देव, पुराणकथा, श्रद्धा ठरवायची आणि त्यातून सण काढायचा. दुसरा म्हणजे आधी लोक पोटासाठी काय करतात आणि त्यांना कशाची भीती वाटते ते ठरवायचं, आणि सण त्यातून उगवू द्यायचा. तिसरा एक शॉर्टकट आहे, खरी संस्कृती उचलून नावं बदलायची, पण त्यात सण येतो आणि त्यामागचं कारण मागेच राहतं, शिवाय वाचक दोन पानांत ओळखतो, त्यामुळे तो मी बाजूलाच ठेवतो.

एकच उदाहरण दोन्हीकडून करून बघू. समजा समुद्रकाठी मीठ पिकवणारे लोक आहेत. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून रास घालायची, आणि पावसाआधी ती हलवायची.

पहिल्या रस्त्याने गेलो तर काय होतं? एक समुद्रदेवी येते, तिने कधीतरी पूर्वजांना मीठ दिलं, म्हणून वर्षातून एकदा सगळे पांढरे कपडे घालून किनाऱ्यावर जमतात, दिवे सोडतात, गाणी म्हणतात. एका संध्याकाळी लिहून होतं आणि दिसायला छान असतं. पण यात प्रत्येकाला एकच भावना आहे, कोणालाच कंटाळा नाही, कोणाचे पैसे अडकलेले नाहीत, आणि तारीख का तीच याला उत्तर नाही. म्हण काढायला बसलात तर 'समुद्राला मान द्या, समुद्र धन देईल' असलं काहीतरी हाती लागतं, आणि ते भिंतीवर लिहायचं घोषवाक्य झालं, भांडणात कोणी ते तोंडातून काढणार नाही.

आता दुसरा रस्ता. या लोकांची भीती काय? बांध फुटणं. तो कधी फुटेल? अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते आणि वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं साधारण विषुवदिनाच्या आसपास असतात. ऐन मिठाच्या हंगामात. म्हणजे तारीख मिळाली, आणि ती आपण ठरवली नाही, चंद्राने ठरवली. फुटतो कशाने? बऱ्याचदा खेकड्यांनी पाडलेल्या बिळांनी, आधी नुसतं झिरपतं, मग माती सुटते, मग भगदाड. रात्री झिरप डोळ्यांना दिसत नाही पण पायाला ओली मऊ माती कळते, म्हणून उधाणाच्या रात्री प्रत्येक घरातलं एक माणूस अनवाणी बांधावर फेरी मारतं. हीच चाल! तिला बांधरात म्हणू. रात्रभर जागायचं म्हणजे खाणं आलं, गाणी आली, पोरापोरींची नजरानजर आली, दिव्याचं तेल कोणी द्यायचं हा वाद आला. ज्याच्या घरात चालणारं माणूस नाही त्याने काय करायचं? तो पैसे देऊन दुसऱ्याला चालवतो, आणि गावात ते जरा कमीपणाचं मानतात. बघा, आता वर्गभेदसुद्धा आला आणि त्यासाठी वेगळं काही रचावं लागलं नाही.

सण जगलेला वाटायचा तर एक गोष्ट मात्र करायलाच हवी: शंभर वर्षं पुढे जायचं आणि कारण काढून घ्यायचं. बांध आता दगडी झालेत, खेकडा काही करू शकत नाही, तरी लोक अनवाणीच चालतात. का, तर आजी म्हणते देवीला चपलेचा आवाज आवडत नाही, आणि मुकादम म्हणतो मिठात घाण नको म्हणून. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोघंही ठाम आहेत. खऱ्या जगात हे सर्रास होतं. इंग्लंडमध्ये 1605 साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्या 5 नोव्हेंबरला दरवर्षी आभार मानायचा कायदा झाला, तो कायदा 1859 मध्ये रद्दही झाला, तरी शेकोट्या आजही पेटतात. म्हणून माझं मत असं की देवी आणायचीच असेल तर ती शेवटी आणा, लोकांनी स्वतःला दिलेलं स्पष्टीकरण म्हणून.

कॅलेंडरकडे थोडं जास्त लक्ष द्या, कारण पहिल्या रस्त्याने जाणारे इथे हमखास घसरतात. 12 चांद्र महिने म्हणजे साधारण 354 दिवस, म्हणजे 'तिसऱ्या पौर्णिमेला सण' असं लिहिलंत तर तो दरवर्षी 11 दिवस अलीकडे सरकतो आणि तीन वर्षांत जवळजवळ महिनाभर हंगामाच्या बाहेर पडतो. मग मध्ये जादा महिना घालावा लागतो. तो कोण जाहीर करणार? मिठागराचे मालक जाहीर करणार असतील आणि मजूर वर्षाच्या ठरावावर असतील, तर मजुरांना तो महिना फुकट राबावा लागेल, म्हणजे दंग्याचं कारण तयार. आपल्याकडची 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण याच जातीची आहे, हिशेबातला जादा महिना आणि रिकामं पोट एकत्र आलं की असं वाक्य आपोआप निघतं.

म्हणींचं तंत्रही यातूनच कळतं. चांगल्या म्हणीत उपदेश उघड नसतो, वस्तू असतात. आमच्या मीठवाल्यांची म्हण: 'बांध फोडला खेकड्याने, नाव भरतीचं'. ही मिठाबद्दल वापरायचीच नाही! कारकुनाने पैसे खाल्ले आणि दोष मंदीला दिला, तेव्हा म्हातारी फक्त 'हं, नाव भरतीचं' एवढंच म्हणते आणि समोरच्याला कळतं. अर्धीच म्हण वापरली की वाचकाला वाटतं उरलेली अर्धी सगळ्या गावाला पाठ आहे. शिवाय उलट अर्थाची एक जोडून ठेवा: 'खेकडे मोजेस्तोवर उधाण आलं', म्हणजे चौकशी करत बसू नका. दोन माणसं भांडताना दोघांकडेही म्हण असली पाहिजे.

दुसऱ्या रस्त्याचे तोटेही आहेत. वेळ लागतो, अभ्यास लागतो, आणि जास्त ताणलं तर प्रत्येक चाल उपयोगाचीच निघते, प्रत्येक म्हण मिठाचीच निघते, मग ते गाव न वाटता मिठाचं प्रदर्शन वाटायला लागतं. उपाय असा की एखाद-दोन गोष्टी जाणूनबुजून बसत नाहीत अशा ठेवा. उदाहरणार्थ हे लोक पूर्वी डोंगरात शेळ्या राखत असतील तर लग्नात नवऱ्याच्या हातात अजून काठी देतात, आणि ती कशासाठी हे कोणालाच विचारावंसं वाटत नाही.

लिहून झाल्यावर कुठलाही रस्ता असो, एवढं तपासा की या सणाला कोण दांडी मारतं, खर्च कोणाच्या खिशातून जातो, आणि ज्याला सण आधीच माहीत आहे अशा माणसाला दुसरं पात्र तो समजावून सांगतंय का. शेवटचं सापडलं तर तो परिच्छेद कापा, त्याऐवजी तेल कोणी आणायचं यावरचं भांडण लिहा.

निवडायचं झालं तर: छोटी कथा, एका बैठकीचा गेम, किंवा सण नुसता पार्श्वभूमीला असेल तर पहिला रस्ता पुरतो, तिथे खेकडा-बांधाचा एवढा खटाटोप वाचकापर्यंत पोचणारही नाही. कथानकच मुळी देव-धर्मातल्या संघर्षावर असेल तरी आधी श्रद्धा पक्की करावी लागते. पण लांब कादंबरी, मालिका, महिनोन्महिने चालणारा गेम, जिथे लोक त्याच गावात पुन्हा पुन्हा येणार आहेत, तिथे मी डोळे झाकून कामापासून सुरुवात करेन, तेही पाच सण न करता एकच सण, तारखेपासून तेलाच्या हिशेबापर्यंत पूर्ण, आणि बाकीच्यांची फक्त नावं बोलता बोलता येऊ देईन.