ट्रायप्लाय कढई बरेच महिने वापरून: बुडाला पडलेले टिपके, कस्टमर केअरशी वाद आणि शेवटी कळलेलं कारण

स्पेसिफिकेशन सगळ्यांनी वाचलेलंच असतं त्यामुळे ते परत लिहीत नाही. २४ सेंटिमीटरची, तीन थरांची, आतून ३०४ स्टील असं खोक्यावर छापलेलं. गेल्या उन्हाळ्यात घेतली, तेव्हापासून रोज गॅसवर नाहीतर इंडक्शनवर असतेच. भाज्या छान होतात, पिठलं बुडाला धरत नाही, सगळं मस्त चाललेलं. आणि मग ओल्या शेंगांचा सीझन आला.

शेंगा आपण सगळे कशा उकडतो? कढईत गार पाणी, शेंगा, वरून मूठभर जाडं मीठ, आणि झाकण ठेवून गॅस चालू. खारटपणा आत मुरावा म्हणून उकडल्यावर त्या रात्रभर तशाच पाण्यात ठेवायच्या. सकाळी कढई घासली तर बुडाला बारीक बारीक करडे टिपके, टाचणीच्या टोकाएवढे. एवढे पैसे मोजून घेतलेल्या भांड्याला हे बघून माझं डोकंच फिरलं.

कस्टमर केअर म्हणालं पाण्याचे डाग आहेत, व्हिनेगरने पुसा. पुसले, गेले नाहीत. नखाने चाचपून बघितलं तर नख हलकंसं अडकत होतं, म्हणजे वर काही बसलेलं नव्हतं, स्टीलच खाल्लं गेलं होतं. तसं कळवलं, फोटो पाठवले, तर उत्तर आलं की हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही, वॉरंटीत बसत नाही. का पडले, आता पुढे काय करायचं, यावर एक अक्षर नाही. मी तेव्हाच एक स्टार देऊन टाकला, कारण मला खात्री होती की ३०४ च्या नावाखाली २०२ गळ्यात मारलंय.

हा संशय का येतो ते सांगते. स्टीलला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे, त्याचा डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर वर तयार होतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून काही खोक्यांवर १८/८ लिहितात, दोन्ही एकच. निकेल महाग पडतं, म्हणून स्वस्त स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज घालतात, ते २०१ नाहीतर २०२. दिसायला डिट्टो तसंच, पण गंज लवकर धरतं.

लोक म्हणतात लोहचुंबक लावून बघा. ट्रायप्लायला त्याचा उपयोग नाही हो! ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही, आणि इंडक्शनला तर चुंबक चिकटणारंच बूड लागतं, म्हणून बाहेरचा थर मुद्दाम वेगळ्या स्टीलचा असतो, ४३० चा, त्यात निकेल नसतं. मधे ॲल्युमिनियम, ते स्टीलच्या कितीतरी पट भराभर उष्णता पसरवतं. त्यामुळे बाहेरून चुंबक घट्ट चिकटला तर कढई इंडक्शनवर चालणार एवढंच कळतं, आतलं स्टील कुठलं ते नाही.

आमच्या शेजारचे काका नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला आहेत, त्यांच्याकडे स्टील ओळखायचं लिक्विड असतं. एक थेंब टाकायचा, छोटी बॅटरी लावायची, काही सेकंद थांबायचं, २०२ असेल तर थेंब लालभडक होतो. आतल्या बाजूला काठाजवळ लावून बघितलं, लाल झाला नाही. माझ्यासाठी घरातल्या एका जुन्या डब्यावर पण लावून दाखवला, तो लगेच लाल! म्हणजे कढई २०२ ची नाही, स्टीलच्या बाबतीत कंपनीने फसवलेलं नव्हतं. त्या दिवशी रिव्ह्यू बदलला.

मग टिपके कशाने? मिठाने. काकांनी लगेच ओळखलं. गार पाण्यात टाकलेलं मीठ विरघळायच्या आधी बुडाशी जाऊन बसतं, आणि जिथे खडा बसला तिथे तो वरचा पातळ थर फुटतो. ३०४ असलं तरी फुटतो. त्यात पाणी रात्रभर तसंच राहिलं की खड्डा खोल होतो. पाणी उकळल्यावर मीठ टाकून ढवळलं तर ते क्षणात विरघळतं, एका जागी बसतच नाही. बास, एवढंच करायचं. आणि उकडलेल्या शेंगा मुरायला काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या भांड्यात काढून ठेवायच्या. आमटी, कैरीचं लोणचं, मीठ लावलेलं चिकन, काहीच या कढईत रात्रभर नको. तेव्हापासून नवा टिपका पडलेला नाही. जुने आहेत तसेच आहेत, ते घासून जात नाहीत आणि घासायच्या भानगडीत पडूही नये, स्वयंपाकाला काही धोका नाही. खड्डा वाढत जाऊन आतलं ॲल्युमिनियम दिसायला लागलं तर मात्र भांडं बाद.

माझा राग एवढाच की ही एक ओळ माहितीपत्रकात का नाही? रेसिपी छापायला चार पानं आहेत, आणि मीठ उकळत्या पाण्यात टाका हे लिहायला जागा नाही??

सगळेच डाग मिठाचे नसतात हेही सांगते, उगाच घाबरू नका. पांढरट ढग दिसले तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार, चमचाभर व्हिनेगर कोमट पाण्यात घालून फिरवलं की जातात. निळसर इंद्रधनुषी झाक येते ती रिकामी कढई जास्त तापल्यामुळे, तीही व्हिनेगर नाहीतर लिंबाने जाते. बूड करपलं तर बुडेल एवढं पाणी, दोन चमचे खायचा सोडा, दहा मिनिटं उकळायचं आणि लाकडी उलथन्याने सोडवायचं. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे तुकडे चिकटून राहतात आणि तेच गंजतात, मग आपण म्हणतो स्टील गंजलं. ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीनही मिठासारखेच टिपके पाडतं. आणि डिशवॉशरवाल्यांनी काठ बघा, तिथे मधली ॲल्युमिनियमची रेघ उघडी असेल तर ती हळूहळू खाल्ली जाते आणि बाहेरच्या स्टीलच्या कडा धारदार होतात. मी हातानेच धुते.

कोटिंगचं विचाराल तर या कढईला कोटिंग नाहीच, निघून जायला काही नाही, म्हणूनच घेतली. नॉनस्टिकवर जे असतं ते साधारण २६० डिग्रीच्या पुढे बिघडायला लागतं, आणि इंडक्शनवर रिकामा तवा फुल पॉवरला ठेवला तर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. आमचा आधीचा तवा असाच गेला. स्टीलला चिकटतं ही तक्रार खरी आहे, पण मध्यम आचेवर कढई तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की तो फुस्स न होता मोत्यासारखा पळायला लागला पाहिजे, मग तेल, मग बाकीचं. पोहे-बटाटा आरामात सुटतात. अंडं अजून कधीकधी धरतं.

इंडक्शनसाठी घेणार असाल तर तोंडाचा घेर बघू नका, तो सगळे छापतात. बुडाचा सपाट भाग पट्टीने मोजा. खोलगट कढईचं बूड फार लहान असेल तर काही शेगड्या भांडं ओळखतच नाहीत, सरळ एरर देतात, आणि ओळखलं तरी मधेच तापतं, कडेची भाजी मागे राहते. माझ्या कढईचा सपाट भाग १४ सेंटिमीटर भरतो आणि शेगडीने अजून एकदाही कुरकुर केलेली नाही. त्यासाठी आणि पिठल्यासाठी चार स्टार, पाचवा माहितीपत्रकात मिठाची ती ओळ आली की देईन.